पाटावरून उठताना

त्या वर्षी गौरी-गणपतीला जेवणाच्या पंगतीतून नाना सर्वांत शेवटी उठले. आधी त्यांनी डाव्या हाताने भिंत धरली, मग उजवा तळवा पाटावर टेकवला, गुडघा वळवून थोडा वेळ तसेच थांबले आणि मग काकाने दंडाला धरून त्यांना उभे केले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस पाटावरून असाच उठणार, असे आम्हा सर्वांना वाटले. आजीने एवढेच म्हटले की पुढच्या वर्षी नानांचे पान टेबलावर मांडावे. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी गेले होते. मीही ते पाहिले आणि वाढायला वळले.

माझे आजोबा, म्हणजे नाना, पाटण तालुक्यातल्या एका गावात चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतरही त्यांची एक सवय सुटली नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दर महिन्याला आरोग्य केंद्रात गेले की तिथल्या काट्यावर ते वजन करत आणि घरी येऊन पेन्शनच्या वहीत शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवत. पुढे आम्हाला जे काही समजले, त्यातले निम्मे या पानामुळे समजले. ऑगस्टमध्ये ६३ किलो ५०० ग्रॅम, ऑक्टोबरमध्ये ६०, डिसेंबरमध्ये ५६ आणि जानेवारीच्या शेवटी ५४. पाच महिन्यांत साडेनऊ किलो वजन गेले होते आणि या काळात त्यांनी खाण्यापिण्यात किंवा कामात काहीही बदललेले नव्हते. अक्षरही बदलले होते. फळ्यावर ओळीत लिहिण्याची सवय असलेल्या माणसाचा डिसेंबरमधला ‘किलो’ किंचित थरथरलेला होता. पण तेही वयाच्या खात्यावर जमा झाले.

वय हे आमच्या घरातले सर्वांत सोयीचे उत्तर होते. नाना दोन भाकऱ्यांवरून अर्ध्या भाकरीवर आले, कारण वय झाले. पोट साफ होईना म्हणून रात्री इसबगोल सुरू झाले, कारण वय झाले. सकाळच्या बातम्यांसाठी पाच वाजता रेडिओ लावणारा माणूस सात वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला, वर्तमानपत्राची घडी दुपारपर्यंत मोडेना, नातवंडांचे गणित चुकले तरी बोलेना, तेव्हा मात्र आजी घाबरली. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी भूक लागण्याचे टॉनिक दिले. दुसऱ्यांनी निराशेवरची गोळी दिली आणि दोन आठवड्यांनी परत यायला सांगितले. त्या दोघांनाही मी दोष देत नाही. समोर बसलेला गप्प, सुकलेला, कशातही रस नसलेला म्हातारा पाहून कोणालाही तेच सुचले असते.

मग, अपेक्षेप्रमाणे, कर्करोगाची शंका पुढे आली. घरात तो शब्द कोणी उच्चारत नव्हते. बाबा फोनवर ‘तसलं काही’ म्हणत आणि मला कळे. साखर तपासली, छातीचा एक्स-रे काढला, क्षयासाठी थुंकी तपासली, पोटाची सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणीही झाली. कशातच काही निघेना, तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका शहरातल्या रुग्णालयात छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन झाला. स्कॅनमध्ये अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून शिरेतून औषध सोडतात. ते सोडताना अंगातून गरम वाफ गेल्यासारखे वाटले, असे नाना म्हणाले. अहवाल चांगला आला. गाठ नाही, पाणी नाही, काही नाही. गावी परतताना बाबांनी उंब्रजला गाडी थांबवून पेढे घेतले. त्या पेढ्यांची मला पुढे फार वेळा आठवण आली.

तीन आठवड्यांनी नानांना रात्री आडवे झोपता येईना. दोन उशा लावल्या, मग तीन. पायऱ्या चढताना छातीत धडधडे, पावलांवर सूज आली आणि वहीत ५१ किलो ५०० ग्रॅमची नोंद झाली. घरच्या रक्तदाबाच्या यंत्रावर रोज एक छोटे बदामाचे चिन्ह लुकलुकत असे. बॅटरी संपत आली असावी असे समजून काकाने दोनदा सेल बदलले होते. ते चिन्ह ठोके अनियमित असल्याची सूचना देते, हे यंत्राबरोबर आलेल्या कागदावर छापलेले होते आणि तो कागद यंत्राच्याच डब्यात होता.

कराडच्या फिजिशियन बाईंकडे आम्ही गेलो तेव्हा फाइल दोन बोटे जाड झाली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली. आधी नानांचे मनगट धरले आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनीट घड्याळ पाहिले. छातीत १२८ ठोके ऐकू आले आणि मनगटात फक्त १०० लागले. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहिले की खालचे कप्पे वेळीअवेळी ठोके देतात. त्यांतले काही इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून हा फरक पडतो. मग त्यांनी विचारले की रक्तदाबासाठी कोणती गोळी चालू आहे. सहा वर्षांपासून मेटोप्रोलॉल. ती गोळी नाडी मंद ठेवते. म्हणजे आम्ही शंभर पाहत होतो ते गोळीने दाबून ठेवलेले शंभर होते, आणि त्याआधीच्या महिन्यांत यंत्रावर दिसणारे ऐंशी-पंच्याऐंशीही तसेच होते.

त्यानंतर त्यांनी जे केले, त्याला ना यंत्र लागले ना पैसे. “गुरुजी, दोन्ही हात छातीवर बांधा आणि खुर्चीवरून उठून दाखवा.” नानांनी हात बांधले, पुढे वाकले, पुन्हा मागे बसले. तीन वेळा. मग बाईंनी आपली दोन बोटे त्यांच्या मुठीत दिली आणि घट्ट दाबायला सांगितले, तेव्हा मात्र त्यांना स्वतःचीच बोटे ओढून सोडवून घ्यावी लागली. खडूची मूठ शाबूत होती. मांड्या आणि कंबर गेली होती. नुसते वय किंवा अशक्तपणा असता तर सगळेच थोडेथोडे गेले असते, असे त्या म्हणाल्या. इथे धडाजवळचे मोठे स्नायू आधी झिजले आहेत, आणि असे नेमके झिजवणारी कारणे मोजकी असतात. पाट, भारतीय पद्धतीचा संडास, एसटीची पहिली पायरी, फळीवरचा डबा काढायला वर केलेला हात, या सगळ्या गोष्टी नानांना सहा महिन्यांपासून जड जात होत्या आणि प्रत्येकीसाठी घरात वेगळा उपाय निघाला होता: टेबल, कमोड, रिक्षा आणि खाली काढून ठेवलेला डबा. चार अडचणी एकाच स्नायूंच्या आहेत, हे जोडून पाहणारे घरात कोणी नव्हते.

शेवटी त्यांनी नानांच्या गळ्याकडे पाहिले. पाणी प्यायला लावले, मान मागे करायला सांगितले, पाठीमागे उभे राहून बोटांनी चाचपले. फारसे काही लागले नाही. “पूर्वी कधी गळ्याला सूज होती का?” नाना नाही म्हणाले. आजी मात्र म्हणाली, “होती की. लग्नात बघितलंय मी. आमच्या सासूबाईंनाही होती.” घरी आल्यावर तिने १९७१ चा शाळेचा समूहफोटो काढून दाखवला. बंद गळ्याच्या कोटावर, घोट गिळण्याच्या जागी, तरुण नानांचा गळा थोडा भरलेला आहे. घाटमाथ्यावरच्या धो धो पावसात जमिनीतले आयोडीन धुऊन जाते. अशा डोंगराळ भागात गलगंड पूर्वी सर्रास दिसे. आयोडीन अपुरे पडले की मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी थायरॉइडला अधिक काम करायला लावते. वर्षानुवर्षे असे हाकारे मिळाल्यावर थायरॉइड वाढते, तिच्यात गाठी होतात आणि त्यांतल्या काही गाठी म्हातारपणी कोणाच्याच हुकमाविना संप्रेरक तयार करू लागतात. वाकलेल्या पाठीमुळे आणि गाठींच्या वजनामुळे ही ग्रंथी हळूहळू छातीच्या हाडामागे उतरते, म्हणून बोटांना लागत नाही. गंमत अशी की फेब्रुवारीच्या सीटी अहवालात खाली एका ओळीत ‘थायरॉइड वाढलेली, छातीच्या हाडामागे पसरलेली, गाठींसह’ असे लिहिलेले होते. कर्करोग नाही हे वाचल्यावर ती ओळ कोणी वाचलीच नाही. मी वाचली होती आणि पुढे गेले होते.

त्याच संध्याकाळी थायरॉइडचे रक्त गेले. टीएसएच ०.०१ पेक्षाही कमी. साधारणपणे तो ०.४ ते ४.५ असावा लागतो. थायरॉइडचे रक्तातले संप्रेरक, फ्री टी-फोर, ३.८, म्हणजे वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. टीएसएच हा पिट्यूटरीचा हाकारा. रक्तात संप्रेरक उतू जात असेल तर पिट्यूटरी गप्प बसते, म्हणून हा आकडा शून्याजवळ जातो. साडेसहा महिने, अकरा तपासण्या, आणि एवढ्यात कोणीही न केलेली ही एक साधी रक्ततपासणी.

थायरॉइड जास्त काम करते म्हणजे काय, याचे माझ्या डोक्यात एक चित्र होते, कारण माझ्या मैत्रिणीला तो आजार होता. तिचे डोळे मोठे झाले होते, हातांना घाम येई, ती तीन माणसांचे जेवण जेवून बारीक होत होती आणि एका जागी बसत नव्हती. नाना याच्या बरोबर उलट होते. भूक मेलेली, पोट जड, मन विझलेले. बाईंनी सांगितले की उतारवयात हा आजार अनेकदा असाच येतो. बोस्टनचे शल्यविशारद फ्रँक लेही यांनी १९३१ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले आणि त्या प्रकाराला ‘उदासीन’ म्हटले. हे रुग्ण अस्वस्थ होत नाहीत, धावत नाहीत, शांतपणे खालावत जातात आणि म्हणूनच हातातून निसटतात. आतली भट्टी तितकीच पेटलेली असते, स्नायू आणि हाडे तितक्याच वेगाने जळत असतात. पण म्हाताऱ्या शरीराचा अॅड्रेनलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला असतो, आणि मेटोप्रोलॉलसारखी गोळी उरलासुरला कंप आणि धडधडही झाकून टाकते. उरते ती अशक्तता, वजन आणि हृदय.

पेढ्यांची आठवण यापुढची. सीटीसाठी शिरेतून दिलेल्या औषधात आयोडीन असते. त्यातले बहुतेक रेणूला घट्ट बांधलेले असते आणि लघवीवाटे निघून जाते, परंतु जे थोडे मोकळे असते तेच माणसाच्या कित्येक आठवड्यांच्या गरजेइतके भरते. प्रौढ माणसाला दिवसाला लागते ते केवळ १५० मायक्रोग्रॅम. निरोगी थायरॉइड इतके आयोडीन आले की काही दिवस स्वतःच दार लावून घेते. नानांच्या गाठींना दार नव्हते. आधीच बेलगाम झालेल्या कारखान्याला आम्ही कच्चा माल पोहोचवला, आणि तीन आठवड्यांनी पायांवर सूज आली. तो स्कॅन करायला नको होता असे बाई म्हणाल्या नाहीत. वजन घटणाऱ्या म्हाताऱ्याचा स्कॅन करावाच लागतो. फक्त त्याआधी टीएसएच करून घेतला असता तर बहुधा त्याची गरजच उरली नसती, आणि उरली असती तरी तयारीने करता आला असता, एवढेच त्यांनी सांगितले.

उपचार सुरू झाले ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात: कार्बिमॅझोल दिवसाला २० मिलिग्रॅम, मेटोप्रोलॉल वाढवलेले, सूज उतरवणारी गोळी आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून आणखी एक. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो, म्हणून ही शेवटची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असे त्यांनी काकाला दोनदा बजावले. आम्हाला वाटले आठवड्यात फरक दिसेल. चार आठवडे काहीच झाले नाही. कार्बिमॅझोल नवे संप्रेरक बनू देत नाही, पण आधी साठवलेले संपायला वेळ लागतो, आणि आयोडीनने तुडुंब भरलेल्या ग्रंथीत तर आणखी लागतो. पाचव्या आठवड्यात एका सकाळी नानांनी स्वतःहून भाकरीचा दुसरा चतकोर मागितला. आजीने मला फोन करून ही बातमी, निकाल लागल्यासारखी सांगितली.

एप्रिलअखेर फ्री टी-फोर १.४ वर आला. टीएसएच मात्र तसाच, ०.०१ हून कमी. बाबा घाबरून रिपोर्ट घेऊन धावले. अनेक महिने दाबून राहिलेली पिट्यूटरी लगेच जागी होत नाही, त्यामुळे या काळात टीएसएच पाहून गोळी वाढवायची नसते, फ्री टी-फोर पाहायचा असतो, हे त्या दिवशी समजले. एखाद्याने केवळ टीएसएच पाहून डोस दुप्पट केला असता तर नाना दुसऱ्या टोकाला गेले असते.

भीतीची एक रात्र मे महिन्यात आली. वळवाच्या पावसात भिजून नानांचा घसा धरला आणि ताप आला. कार्बिमॅझोल देतानाच बाईंनी एक कागद दिला होता: घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित कोणाला, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, या औषधाने त्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात आणि साधा संसर्ग जिवावर बेततो. काकाने रात्री साडेनऊला मोटार काढून कराड गाठले. पेशी ७,४०० निघाल्या. साधाच घसा होता. गोळी पुन्हा सुरू झाली.

आयोडीन अंगातून उतरेपर्यंत थायरॉइडचा स्कॅन करून उपयोग नव्हता, म्हणून तो मेच्या शेवटी पुण्यात झाला. पडद्यावर सगळी ग्रंथी सारखी उजळलेली नव्हती. तीन-चार ठिकाणी ठळक गाठी आणि मधली जागा काळोखी. गोळ्या अशा गाठींना दाबून धरतात, घालवत नाहीत. गोळ्या थांबल्या की आजार परततो. म्हणून जूनमध्ये किरणोत्सारी आयोडीन द्यायचे ठरले. आदल्या आठवड्यात कार्बिमॅझोल बंद केले, आणि एका सकाळी जाड शिशाच्या डब्यातून काढलेली कॅप्सूल नानांनी पाण्याबरोबर गिळली. कामसू गाठी ती आयोडीन म्हणून ओढून घेतात आणि आतून जळतात. झोपलेल्या भागाला फारशी झळ पोहोचत नाही. पुढचे काही दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचे नाही, वेगळे ताटवाटी, बसून लघवी करायची आणि दोनदा पाणी सोडायचे. नातवंडांना उंबऱ्याबाहेर उभे करून नानांनी त्यांचे पाढे घेतले. एकोणीसच्या पाढ्यात धाकट्याची चूक त्यांनी पकडली, तेव्हा आजी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

सगळे पूर्ववत झाले असे नाही. हृदयाची लय काहींची थायरॉइड आटोक्यात आल्यावर आपोआप सुधारते; नानांची सुधारली नाही, आणि यंत्रावरचा बदाम अजून लुकलुकतो. वजन ५९ वर येऊन थांबले. डिसेंबरमध्ये टीएसएच १४ निघाला, म्हणजे ग्रंथी आता गरजेपेक्षा कमी काम करू लागली होती. थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या तासभर आधी. “आधी जास्त होतं म्हणून गोळी, आता कमी पडतंय म्हणून गोळी,” नाना म्हणाले, “पुस्तकाच्या मागे उत्तर वेगळंच दिसतंय.”

पुढच्या गौरींना आजीने ठरवल्याप्रमाणे त्यांचे पान टेबलावर मांडले. नानांनी ते उचलून खाली पाटासमोर ठेवले. जेवण झाल्यावर त्यांनी भिंतीला हात लावला नाही. दोन्ही हात छातीवर बांधले, पुढे झुकले आणि अडले. मग काकाकडे न पाहता उजवा तळवा पाटावर टेकवून उठले, आणि वहीत नेहमीच्या पानावर तारखेपुढे लिहून ठेवले: एका हाताने.